शाम्पूला चंपी म्हणा म्हणे! मग टँकला काय म्हणू?

मूळ पोस्ट – स्वाभिमानी सीमावासी

शाम्पू, पायजमा, कॉट, टँक, बंगलो, कॅश. इंग्रजांनी आपलेच शब्द उचलले, मोडले-तोडले, आणि आपण ते उष्टे करून परत खातोय. बेळगावात कन्नडचा रेटा आहेच, वर हे इंग्रजीचं ओझं. माझं म्हणणं सोपं आहे. शब्द आपला असेल तर मूळ रूपच लिहायचं. शाम्पू नाही, चंपी. कॉट नाही, खाट. टँक नाही, टाकी. भाषांतर करणाऱ्यांना एवढंही कळू नये?

अनघा, टिळकवाडी

भाषांतर करणाऱ्यांना कळू नये का, असं विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. कन्नड आणि इंग्रजी कागद मराठीत करून देणं हाच माझा धंदा आहे. तुमच्या या 'सोप्या म्हणण्या'ने काय होतं ते दाखवणारी एक नोटीस माझ्याकडे आली होती, ती ऐका.

खानापूर तालुक्यातलं एक गाव. चावडीवर नोटीस लागली. मूळ कन्नड, तिची इंग्रजी प्रत, आणि त्या इंग्रजीवरून कुणीतरी केलेली मराठी. मराठीत लिहिलं होतं: 'टाकीच्या तळाशी शेती करण्यास मनाई आहे. टाकीच्या बंधावरील अतिक्रमणे मुदतीत काढावीत. हरकत असल्यास लेखी द्यावी.' आता गावात टाकी एकच. शाळेच्या मागं, चार खांबांवर उभी असलेली, नळाच्या पाण्याची. तिच्या तळाशी शेती कोण करणार? शेळ्या बसतात तिथं. लोकांनी वाचलं, हसले, घरी गेले. हरकतीची मुदत टळली. मग एक दिवस तलावाच्या कोरड्या पोटात काकडी आणि कोथिंबीर लावलेल्या दोघांच्या पिकात जेसीबी शिरला, तेव्हा सगळ्यांना कळलं की 'टाकी' म्हणजे आपलं तळं.

मूळ कन्नड नोटिशीत शब्द होता 'केरे'. बेळगावच्या माणसाला केरे सांगावं लागत नाही, किल्ल्याजवळचा कोटे केरे सगळ्यांनी पाहिलाय. इंग्रजी प्रतीत केरेचा 'टँक' झाला, कारण दक्षिणेतल्या सरकारी इंग्रजीत बांध घालून अडवलेल्या प्रत्येक तळ्याला टँकच म्हणतात, मग ते शंभर एकरांचं असो. आणि मराठी करणाऱ्याने तुमच्यासारखाच विचार केला: टँक? अरे, ही तर आपली टाकी! शब्द आणला घरी.

आता टँक आपला आहे का? अर्धा असावा. यूल आणि बर्नेल यांच्या 1886 च्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात या शब्दावर मोठी नोंद आहे आणि तेही तिथं बुचकळ्यात पडलेत. एका बाजूला गुजराती आणि मराठी टांकं, दुसऱ्या बाजूला पोर्तुगीज तांक, जो लॅटिनमधल्या साचलेल्या पाण्याच्या शब्दावरून आला. दोन्ही एकमेकांत मिसळले असं त्यांना वाटतं. पण आपल्या टाक्याचा अर्थ बघा. दगडात खोदलेलं किंवा चुन्यात बांधलेलं, आटोपशीर, झाकता येईल असं. शिवनेरीवरची गंगा-जमुना ही टाकी. हाच शब्द इंग्रज घेऊन दक्षिणेत उतरला आणि त्याने तो मैलभर पसरलेल्या तळ्यालाही लावला. शब्द नेला टाक्याचा, परत पाठवला तळ्याएवढा करून. तो आपण पुन्हा टाकी म्हणून घ्यायचा?

मी काय करते ते सांगते. शब्दाचं कूळ बघत नाही, शेजार बघते. टँकच्या आजूबाजूला बंड, स्लूस, वेस्ट वेअर, कमांड, डिसिल्टिंग असं काही दिसलं की तो तलाव. मग पाळ, मोरी, सांडवा, लाभक्षेत्र, गाळ काढणे हे सगळं आपोआप जागेवर येतं. कन्नड प्रत हाताशी असेल तर आणखी सोपं, तिथं एरी, तूबु, कोडी, अच्चुकट्टू दिसतातच. आणि शेजारी लिटर, स्लॅब, व्हॉल्व्ह असेल तर ती टाकी. व्याकरणही खूण देतं. किल्ल्यावरचं एक टाकं, अनेक टाकी. घरावरची एक टाकी, अनेक टाक्या. मराठीने हे दोन शब्द केव्हाच वेगळे करून ठेवलेत, तुम्ही ते पुन्हा एकत्र कशाला करताय?

शाम्पूचंही तेच. पाटण्यात जन्मलेले दीन मोहम्मद 1814 मध्ये ब्रायटनला गेले आणि तिथं वाफेचं स्नान आणि अंग रगडण्याचा धंदा काढला. पुढे राजाच्या अंगालाही हात लावला. त्या काळच्या इंग्रजीत शाम्पू करणे म्हणजे अंग चेपणे. केस धुणे हा अर्थ नंतर चिकटला आणि चेपणं गळून पडलं. त्यामुळे 1820 सालचा मजकूर मराठीत करायचा असेल तर 'चंपी' किंवा 'मालिश' लिहीन, 'शाम्पू' लिहिलं तर चूक. पण दुकानातली बाटली ती शाम्पूच. तिला चंपी म्हणून कुणाला द्याल तर तो तेल समजून डोक्याला चोळेल.

स्वाभिमानी सीमावासी

एवढं मोठं लिहून शेवटी मान्य काय केलंत? की टाकं आपलं आहे! मग भांडण कशाचं? त्या नोटिशीत 'टाकी' ऐवजी 'टाकं' लिहायला हवं होतं, संपलं. आणि केरे-एरी-कोडी मला शिकवू नका. माझा मुद्दा इंग्रजीचा होता, तुम्ही हळूच कन्नड आत आणलंत.

खडा सवाल, निपाणी

टाकं लिहिलं असतं तर गावकऱ्यांनी दवाखान्यातले टाके समजले असते. 'टाक्याच्या तळाशी शेती करण्यास मनाई', ऑपरेशन झालेल्या माणसाने तर दचकूनच उठावं.

आणि आमच्या आळीतल्या पाथरवटाला विचारा, त्याच्याकडे टाकी म्हणजे छिन्नी. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात ते नळाच्या टाकीचे नव्हेत.

शहापूरचा शिंपी

नमस्कार मंडळी. टाकीचं मला काय कळत नाही, पण मूळ पोस्टमधी पायजमा लिवलाय म्हणून बोलतो. पायजमा परत आणा म्हणता, तो गेलाच कुठं? आम्ही रोज शिवालोय की.

पण घोळ हाय हे खरं. परवा कॅम्पातनं एका बाईंचा फोन, मुलीसाठी पायजमा सेट शिवून द्या, कॉटनचा, फुलाफुलांचा. मी म्हटलं ताई, मुलीला पायजमा? सलवार म्हणायचं हाय काय? तर त्यांना पाहिजे होता रात्री घालायचा सूट, वर कॉलर आणि बटनं, खाली इलॅस्टिक. आता माझ्या लेखी पायजमा म्हणजे वेगळाच माल. मोठ्या माणसाला अडीच मीटर कापड, वर नेफा, त्यात नाडी, आसन ढिलं सोडायचं म्हणजे मांडी घालून बसता आलं पाहिजे, मोहरी सरळ. झब्ब्याखाली घालून माणूस लग्नाला जातो. रात्री झोपायला तो घालून कोण झोपतंय? तुमचे आजोबा झोपत असतील.

तवा इंग्रजी पायजमा आला की त्याला नाईट ड्रेस म्हणा. आमचं गिऱ्हाईक तरी तसंच म्हणतंय.

अनघा, टिळकवाडी

काका, तुम्ही दोन ओळींत सांगितलंत ते मला जमलं नव्हतं. फारसीत पाय आणि जामा, पायात घालायचं वस्त्र. इंग्रजांनी हिंदुस्थानात ढिलं कापड बघितलं, घरी नेलं आणि झोपायच्या खोलीत बंद केलं. वर कोट जोडला. त्यामुळे इंग्रजी गोष्टीतली पोरं पायजमा घालून जिन्यावरून उतरतात तेव्हा मराठीत 'पायजमा' लिहिलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गांधी टोपी येते.

कोगनोळी टोल नाका

पायजमा लग्नाला? आमच्या भागात लग्नाला जाणारा म्हातारा विजार घालायचा. पायजमा म्हणजे शहरातला फॅशनेबल शब्द. शिंपीकाका, तुम्ही विजार आणि पायजमा एक करू नका.

शहापूरचा शिंपी

एक कोण करालंय गा? विजार येगळी, लेंगा येगळा, चुडीदार तर पुरा येगळा. चुडीदारला कापड उरेब कापावं लागतंय, सरळ कापलं तर पायात चढतच नाही, घोट्यावर चुण्या पडत नाहीत. त्यात कापड जास्त जातंय म्हणून शिलाई जास्त घेतली की गिऱ्हाईक भांडतंय.

कोगनोळी टोल नाका

लेंगा आणि पायजमा वेगळा? माझ्या वडिलांनी आयुष्यभर लेंगा घातला, दुकानदार पायजमा म्हणूनच बिलात लिहायचा. तुमचं गिऱ्हाईक भांडतंय ते उगीच नाही.

शहापूरचा शिंपी

बिलात लिवलेलं बघू नका, मोहरी बघा. मोहरी रुंद, नुसता सरळ पाट असला की लेंगा. तुमच्या वडलांचा कुणी शिवला होता त्याला विचारा. माझं हात ह्यातच गेलंय, मला बिल दाखवू नका.

कोगनोळी टोल नाका

धाग्यावर येऊन दादागिरी करणारा शिंपी पहिल्यांदा बघितला.

माजी सैनिक, कॅम्प

दोघंही जरा गप्प बसा. सीमावासी साहेब, तुमच्या नियमाने आमच्या रणगाड्याला काय म्हणायचं तेवढं सांगा. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी ही गाडी गुपचूप बांधली आणि बाहेर कळू नये म्हणून पाण्याच्या टाक्या बनवतोय असं सांगितलं. 15 सप्टेंबर 1916 ला ती फ्रान्समध्ये लढाईत उतरली, पण नाव टँकच राहिलं. शब्द आपला म्हणून मूळ रूप लिहायचं, तर 'शत्रूच्या टाक्या सीमेवर जमल्या' असं लिहू का? मराठीत कुणीतरी रणगाडा केला तो बरा केला.

स्वाभिमानी सीमावासी

आता सगळ्यांनी मिळून थट्टा चालवली आहे. ठीक आहे. पण कॅशचं कुणी बोललं नाही. कॅश हा सरळसरळ आपला कासू आहे. इथं बाजारात अजून म्हणतात, काशाला किंमत नाही. इंग्रजाने कासूचा कॅश केला आणि आपण 'कॅश देऊ का ऑनलाइन' विचारतो. याला तरी नाही म्हणा.

अनघा, टिळकवाडी

अर्धं हो. इंग्रजीत कॅश दोन आहेत. एक कॅश म्हणजे मद्रासकडचं आणि चीनकडचं बारकं नाणं. ते तमिळ कासूवरून, पोर्तुगीजांच्या तोंडातून गेलं. कन्नड कासूही त्याच घरातला. दुसरा कॅश म्हणजे रोकड. तो फ्रेंच आणि इटालियनमधल्या पेटीच्या शब्दावरून आला, पैसे ठेवायची पेटी ती कॅश. दुकानात तुम्ही देता ती दुसरी. दिसायला जुळी, पण आईबाप वेगळे.

स्वाभिमानी सीमावासी

म्हणजे अर्धं बरोबर. लिहून ठेवतो, तुमच्याकडून अर्धं मिळणं म्हणजे माझ्यासाठी पुरस्कारच.

लोंढ्याहून

पोर्तुगीजांचा विषय निघालाय म्हणून विचारतो. टँकच्या बाबतीत पोर्तुगीज आधी की आपलं टाकं आधी? माझं गोव्याला येणं-जाणं असतं, तिथल्या जुन्या माणसांचं म्हणणं की शब्द पोर्तुगीजांनीच आणला, इथं आधी टाकं नव्हतंच, तळीच होती. मग 'आपला शब्द' हे सगळंच कोसळतं की.

अनघा, टिळकवाडी

पोर्तुगीज तांक लॅटिनवरून येतो, म्हणजे तो इथून नेलेला नाही हे नक्की. आणि टाकं पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधी किल्ल्यांवर आणि लेण्यांजवळ खोदलेलं आहे, गुजरात-राजस्थानातही टांकं आहेच. दोघंही स्वतंत्र, इथं येऊन भेटले. इंग्रजीने पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकला यावर पंडितांचं एकमत नाही, आणि ते इथं बसून माझ्याने ठरणार नाही.

कित्तूर रोड

एक साधा प्रश्न. ते दोघे शेतकरी कन्नड प्रत वाचू शकत नव्हते का? बाजूलाच लावली होती ना? इथं राहायचं, इथलं पाणी प्यायचं आणि केरे वाचता येत नाही म्हणायचं. मी मराठी घरातला, कन्नड शाळेत शिकलो, मला एका क्षणात कळलं असतं.

स्वाभिमानी सीमावासी

आला मुद्दा बाहेर! म्हणजे मराठीत चुकीचं लिहिलं तर दोष वाचणाऱ्याचा. कागद मराठीत मागणं हा हक्क आहे, उपकार नव्हे. माझ्या जमिनीचा उतारा मराठीत मागायला गेलो तर खिडकीतला माणूस पहाणी कन्नडमध्येच मिळेल म्हणून हसला. चुलत्याचं नाव कन्नडमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून आधारवर येताना तीन तऱ्हेने लिहिलं गेलं. एका कागदावर ळ, दुसऱ्यावर ल. बँक म्हणते दोन माणसं. बेळगावचं बेळगावी करताना कुणी विचारलं होतं का आम्हाला 2014 ला?

कित्तूर रोड

घ्या, टाकीवरून थेट 2014. बेलगाम हे इंग्रजी स्पेलिंग तुम्हाला चाललं, कन्नड चाललं नाही. तुमच्याच नियमाने इंग्रजीने मोडलेलं नाव सुधारलं, तर टाळ्या वाजवायला हव्या होत्या.

स्वाभिमानी सीमावासी

बेलगामचं मूळ बेळगाव आहे, बेळगावी नव्हे. सुधारायचं तर नीट सुधारा.

कित्तूर रोड

वेणुग्राम म्हणा मग. मागं जायचंच तर अर्ध्यात का थांबायचं?

खडा सवाल, निपाणी

धागा आता सुप्रीम कोर्टात जाणार. तिथं आधीच एक तारीख पडलेली आहे, ही पण जोडा.

वडगावची सून

मी पुण्याची, लग्न होऊन इथं आले. टाकीवरून आठवलं. सासरी पहिल्या आठवड्यात सासूबाई ओरडल्या, 'अगं संप भरला काय बघ!' मी उभीच. कोणाचा संप, कुठल्या कंपनीचा? मग दीराने अंगणातलं लोखंडी झाकण उचलून दाखवलं, खाली सिमेंटचा हौद. पाणी काही दिवसांनी एकदा येतं, ते आधी संपात घ्यायचं, मग मोटार लावून वरच्या टाकीत. पुण्यात याला आम्ही जमिनीखालची टाकी म्हणतो. तो संप कन्नड आहे की इंग्रजी?

अनघा, टिळकवाडी

इंग्रजी, कर्नाटकभर चालतो. पण तुम्ही माझ्या हातात मोठीच गोष्ट दिलीत. हॉब्सन-जॉब्सनच्या त्याच नोंदीत गुजरात-मराठी मुलखातल्या टांक्याचं एक जुनं वर्णन दिलंय: दगड-विटांनी, चुन्यात बांधलेलं, लहान-मोठं, आणि बहुतेक घराच्या आतच असणारं. शेक्सपियर नावाच्या कोशकाराने तर गुजरातेतला टांक जमिनीखालचा म्हणूनच नोंदवलाय. म्हणजे घरातलं, जमिनीत बांधलेलं, पाणी साठवायचं. तुमच्या सासूबाईंचा संप म्हणजे हुबेहूब टाकं.

सीमावासी, तुम्हाला शब्द घरी आणायचाच असेल तर इथं आणा. तलावावर टाकू नका, वरच्या सिंटेक्सवर टाकू नका, त्या लोखंडी झाकणाखाली ठेवा. 'टाकं भरलं का बघ.' इथं मी तुमच्या बाजूने.

स्वाभिमानी सीमावासी

धन्यवाद. माझा नियम बरोबर होता, फक्त झाकण चुकीचं उघडलं, असं समजतो.

वडगावची सून

सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, टाकं म्हण नाहीतर हंडा म्हण, आधी मोटार बंद कर, वरून पाणी वाहालंय.

पाटबंधारे, निवृत्त

उशिरा वाचतोय. मी मूळचा निपाणीकडचा, नोकरी सगळी महाराष्ट्रात, लघुपाटबंधाऱ्यात. पायजम्याच्या भांडणात एक कामाची गोष्ट राहून गेली म्हणून लिहितो.

मॅडमनी टँक म्हणजे तलाव हे बरोबर सांगितलं, पण नोटिशीत खरा खड्डा पुढच्या शब्दात होता. टँक बेड. त्याचं 'टाकीच्या तळाशी' झालं. समजा टाकी खोडून 'तलावाच्या तळाशी शेती करण्यास मनाई' असं लिहिलं, तरी शेतकरी म्हणाला असता, पाण्याखाली शेती कोण करतो? कारण त्याच्या डोक्यात तळ म्हणजे पाण्याच्या खालचा चिखल.

तलाव पावसाळ्यात पूर्ण संचय पातळीपर्यंत भरतो. ती पातळी जमिनीवर जिथं जिथं टेकते तिथपर्यंत सगळं तलावाचं, पाणी असो वा नसो. दिवाळीनंतर पाणी मागं सरकायला लागतं आणि काठाकडून गाळाची जमीन उघडी पडत जाते. ओल असते, खत घालावं लागत नाही. पाणी जसं मागं जाईल तसं माणूस पुढे पेरत जातो. काकडी, कलिंगड, कोथिंबीर, कुठं हरभरा. याला आमच्याकडे गाळपेर म्हणतात. महाराष्ट्रात ही गाळपेर जमीन रीतसर भाडेपट्ट्याने देतात, फाईलवर हाच शब्द असतो. तेव्हा नोटिशीत एवढंच हवं होतं: 'तलावाच्या बुडीत क्षेत्रात गाळपेर करण्यास मनाई आहे.' ज्याला कळायला हवं त्याला 'गाळपेर' वाचताच धस्स झालं असतं आणि तो हरकत घेऊन पळत गेला असता.

बंदी का घालतात तेही सांगतो, नाहीतर सरकार दुष्ट आहे असं वाटेल. नांगरलेली माती पहिल्या पावसात सैल होऊन मोरीकडे जाते, आणि पीक वाचवायला लोक सांडव्याची पातळी खाली फोडतात. मी स्वतः रात्री फोडलेला सांडवा सकाळी बघितलाय, एका माणसाच्या वांग्यांसाठी. अर्थात पेरणाऱ्यालाही आधी कळवायला हवं, आणि कळेल अशा शब्दांत.

अनघा, टिळकवाडी

गाळपेर! साहेब, हा शब्द मी ऐकलेला नव्हता. मी दुरुस्त केलेल्या प्रतीत 'तलावाच्या पात्रात शेती' असं लिहिलं होतं, आता बघते तर तेही नदीचंच वाटतं.

खानापूरकर

एक मिनिट. गाळपेर हा महाराष्ट्राच्या फाईलीतला शब्द. आमच्या गावात कुणी गाळपेर म्हणत नाही, 'तळ्यात लावलंय' म्हणतात. ते शेतकरी नोटीस वाचून गाळपेर म्हणजे कुठली योजना, अनुदान मिळतंय का, असं विचारायला गेले असते. मॅडम, गावात जाऊन विचारल्याशिवाय लिहू नका.

पाटबंधारे, निवृत्त

अनुदान समजून तरी कचेरीत गेले असते. टाकी वाचून घरी बसले.

खानापूरकर

हे मात्र खरं.

कित्तूर रोड

किंवा कन्नड प्रत वाचली असती.

स्वाभिमानी सीमावासी

पुन्हा सुरू झालं याचं.

शहापूरचा शिंपी

अनघाताई, तुमचा विषय झाला असंल तर त्या टोल नाक्यावाल्याला सांगा, दुकानात ये म्हणावं. लेंगा आणि पायजमा दोन्ही पुढ्यात ठेवतो, मोहरी स्वतः मोजून बघू दे. चहा माझ्याकडनं.

कोगनोळी टोल नाका

येतो. वडिलांचा जुना लेंगा घेऊन येतो, बिलासकट.